लाल आकडा आणि बाबांच्या गोळ्या

सबटायटलच्या रांगेत एखादी ओळ लाल झाली की आपला हात सवयीने विशेषणाकडे जातो. विशेषण गेलं, आकडा हिरवा झाला, पुढची ओळ. सगळ्यात घाईने होणारं काम हेच, आणि त्याची तपासणीही सगळ्यात कमी होते. म्हणून या अंकात एकाच ओळीपाशी जरा थांबू.

मल्याळम कौटुंबिक चित्रपटातला प्रसंग समजा. दवाखान्याच्या व्हरांड्यात बहीण भावावर भडकली आहे. तिचं वाक्य तीन सेकंदांत संपतं आणि भाऊ लगेच उलट बोलतो. अनुवादकाच्या पहिल्या खर्ड्यात ते असं उतरलं आहे: ‘मी तुला किती वेळा सांगितलं होतं की बाबांच्या गोळ्या संपायच्या आधी नवीन आणून ठेवत जा म्हणून!’ बोलायला एकदम अस्सल. पण सॉफ्टवेअरच्या मोजणीने, जागा आणि चिन्हं धरून, ही 91 अक्षरचिन्हं होतात, म्हणजे सेकंदाला तीसच्या वर. ग्राहकाने वीसची मर्यादा घातली असेल तर तीन सेकंदांत साठच बसतात.

पहिली कात्री व्याकरणाच्या दुहेरी कामावर चालवावी. ‘की’ आणि ‘म्हणून’ एकच काम दोनदा करतात. तोंडी बोलताना ते शोभतं, वाचताना नुसतं ओझं होतं. दोन्ही काढून स्वल्पविराम टाकला, ‘होतं’ही गेलं, की 77 उरतात. मग ‘मी तुला’. इथे मात्र थांबून बघायला हवं. मराठी क्रियापद पुष्कळदा कर्ता पोटात घेऊन येतं: ‘कुठे गेली होतीस?’ म्हटलं की ‘तू’ लागत नाही. पण ‘सांगितलं’ हे क्रियापद कर्त्याबद्दल चकार शब्द बोलत नाही. मी सांगितलं, तिने सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, रूप तेच. तेव्हा ‘मी’ काढायची परवानगी व्याकरण देत नाही, पडद्यावरचं चित्र देतं. बहिणीचा चेहरा समोर असेल आणि बोट भावाकडे असेल तर ‘मी तुला’ खुशाल जाऊ द्या, 69 उरतील. ती पाठमोरी असेल किंवा फोनवरून बोलत असेल तर निदान ‘मी’ ठेवा.

अजून नऊ चिन्हं जास्त आहेत. ‘नवीन आणून ठेवत जा’ऐवजी ‘आणत जा’ चालतं. संपायच्या आधी आणायच्या त्या नव्याच असणार. आता ओळ होते:

किती वेळा सांगितलं,
बाबांच्या गोळ्या संपायच्या आधी आणत जा!

एकूण 58, सेकंदाला एकोणीसच्या थोडं वर. ‘संपायच्या आधी’चं ‘संपण्याआधी’ केलं तर आणखी तीन वाचतात, पण व्हरांड्यात ओरडणारी बाई अर्जाची भाषा बोलायला लागते. तीन चिन्हांसाठी ते करू नये.

याहून सोपा रस्ता होता आणि तोच पुष्कळ जण घेतात: ‘किती वेळा सांगितलं’ हेच उडवायचं. राहिलेली ओळ तेराच्या आत येते, माहितीही सगळी राहते. पण त्या वाक्यात माहिती दुय्यम आहे. गोळ्या आणायच्या असतात हे भावाला ठाऊक आहे, प्रेक्षकालाही. बहीण त्याला जुन्या दुर्लक्षाचा जाब विचारते आहे. आणि तीन प्रसंगांनंतर भाऊ ‘सांगितलं होतंस, मीच ऐकलं नाही’ असं म्हणणार असेल, तर त्या कबुलीचा धागा इथेच तुटतो. म्हणून छाटण्याआधी पुढची संहिता चाळावी. जी ओळ नंतर परत येते, तिचा तो भाग हात न लावता ठेवावा. तसंच कानाला ओळखू येणारे शब्द सांभाळावेत. नटाने ‘डॉक्टर’ स्पष्ट म्हटलं आणि खाली डॉक्टरच नाही, तर प्रेक्षकाचा अख्ख्या सबटायटलवरचा विश्वास उडतो.

शब्दांना हात लावण्याआधी वेळ उसना मिळतो का हेही पाहायचं असतं, आणि हे आपण फार कमी करतो. भावाने अर्धा सेकंद गप्प राहून उत्तर दिलं असतं, तर सबटायटल त्या शांततेत रेंगाळू शकलं असतं. साडेतीन सेकंदांत सत्तर बसतात, म्हणजे 69ची ओळ ‘नवीन आणून ठेवत जा’सकट तशीच राहिली असती. फक्त पुढच्या सबटायटलआधी दोन फ्रेमची फट हवी आणि मध्ये शॉट बदलत नसावा.

उलट बाजूही आहे. अग्नियेश्का शार्कोव्स्का आणि ऑलिव्हिया गर्बर-मोरोन यांनी 2018 साली डोळ्यांच्या हालचाली टिपून सेकंदाला 12, 16 आणि 20 अक्षरांची सबटायटलं तपासली. प्रेक्षक वीसलाही पुरे पडले. संथ सबटायटलांत मात्र, विशेषतः इंग्रजी चित्रफितींत, लोक तीच ओळ पुन्हा वाचू लागले आणि वैतागले. म्हणजे जिथे चार सेकंद आहेत तिथे ओळ तीन शब्दांवर आणणं ही सेवा नव्हे. वेळ असेल तर वाक्य पूर्ण द्यावं.

पण तो प्रयोग रोमन लिपीतल्या सबटायटलांचा होता, आणि आपली खरी अडचण इथेच सुरू होते. नेटफ्लिक्सची इंग्रजीसाठीची मर्यादा प्रौढांच्या कार्यक्रमांना सेकंदाला 20, मुलांच्या कार्यक्रमांना 17. तिथे एक अक्षर म्हणजे एकच अक्षर. देवनागरीत युनिकोडची साधी मोजणी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत सगळं वेगळं धरते. ‘स्त्री’ डोळ्याला एक अक्षर दिसतं, मोजणीत सहा. वरच्या 91च्या ओळीत जागा आणि उद्गारचिन्ह सोडून 75 चिन्हं आहेत, पण डोळा वाचतो ती अक्षरं 38. ‘प्रत्यक्षात’चं ‘खरं तर’ केलं की आकडा अकरावरून सहावर येतो, डोळ्याला मात्र दोन्हीकडे चारच अक्षरं भेटतात. आकडा खुश झाला म्हणून वाचणं तेवढ्याच पटीने सोपं झालं असं नाही. जोडाक्षर फोडायला डोळ्याला थोडा जास्त वेळ लागतो हे मान्य, पण ‘स्त्री’ काही साध्या अक्षराच्या सहापट जड नाही.

तेव्हा ग्राहकाकडून आकडा आला की पहिला प्रश्न असा विचारा: हा आकडा कोणत्या मोजणीचा? जागा धरून की सोडून, चिन्हं सुटी की अक्षरागणिक? इंग्रजीची मर्यादा सुट्या चिन्हांच्या मोजणीने मराठीवर लादली असेल तर तुमच्याकडून गरजेपेक्षा जास्त छाटणी होते आहे, आणि ती लेखी कळवायला हरकत नाही.

तोवर तपासणीचा एक उपाय आपल्या हातात आहे. अनुवादकाला स्वतःची ओळ पाठ असते, म्हणून ती त्याला नेहमीच वेळेत वाचून होते. मूळ भाषा न येणाऱ्या एखाद्याला दहा मिनिटांचा तुकडा न थांबवता दाखवा. पडद्याकडे बघू नका, त्याच्या डोळ्यांकडे बघा. ते खालच्या ओळीवरून नटाच्या चेहऱ्याकडे वर जायच्या आतच ओळ बदलत असेल, तर हिरव्या आकड्यालाही ती ओळ लांबच आहे.