प्रिंटर एकच घ्यायचा असेल तर रिबनवाला घ्या

लेबल प्रिंटरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "सर, रिबनवाला घेऊ की बिनरिबनचा?" दुकानदार बहुतेक वेळा बिनरिबनचा पुढे करतो. "शाई नाही, रिबन नाही, खर्चच नाही," असं सांगतो. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. उरलेलं अर्धं एका ताईंना कसं कळलं, ते आधी सांगतो.

आपल्या बॅचमधल्या या ताई घरून लोणचं आणि चटण्या विकतात. कुरियरचे स्टिकर काढायला त्यांनी चार इंची डायरेक्ट थर्मल प्रिंटर घेतला. काम छान चाललं होतं. मग वाटलं, मशीन आहेच, तर बरणीवरचं किंमत, बॅच नंबर आणि तारखेचं लेबलही त्यावरच काढू. दोन महिन्यांनी एका दुकानदाराने अख्खा लॉट परत पाठवला. काही बरण्यांवर तारीख फिकट, काहींवर अक्षरंच गायब. माल उत्तम होता, पण तारीख नसलेली बरणी कोण विकणार? अन्नपदार्थांच्या लेबलवरचा मजकूर स्पष्ट, न पुसला जाणारा आणि सहज वाचता येणारा हवा, असा एफएसएसएआयचा नियमच आहे.

ताईंनी बरण्या नीट पाहिल्या. जिथे झाकणातून तेल झिरपून लेबलवर आलं होतं, नेमकं तिथेच अक्षर उडालं होतं. काचेच्या शोकेसमध्ये उन्हाच्या बाजूला ठेवलेल्या बरण्यांवर अख्खं लेबल फिकटलं होतं.

असं का होतं? डायरेक्ट थर्मल कागदावर शाई पडतच नाही. कागदावरच एक रासायनिक थर असतो. प्रिंटरचं हेड जिथे गरम होतं तिथे तो थर काळा पडतो. म्हणजे अक्षर ही कागदातलीच एक प्रतिक्रिया आहे, आणि ती नंतरही बदलू शकते. ऊन, तेल, सॅनिटायझरमधलं अल्कोहोल, मऊ प्लॅस्टिकमधून सुटणारी रसायनं यांनी काळं फिकट होतं. उलट उन्हात तापलेल्या गाडीत अख्खा कागद करडा पडू शकतो. पेट्रोल पंपाची पावती पाकिटात ठेवून बघा, तोच प्रकार आहे. हातात आलेलं लेबल कोणतं, हे ओळखायला नखाने जोरात एक रेघ ओढा. रेघ काळी उमटली तर डायरेक्ट थर्मल.

रिबनच्या पद्धतीत, म्हणजे थर्मल ट्रान्सफरमध्ये, लेबल साधं असतं. बाजारात त्याला क्रोमो लेबल म्हणतात. हेड रिबनला तापवतं आणि रिबनवरची शाई वितळून लेबलवर बसते. लेबलमध्ये स्वतः काळं होणारं काही नसल्यामुळे उन्हाने अक्षर उडत नाही.

आता कुरियरचा स्टिकर घ्या. त्याचं आयुष्य किती? पिकअपपासून डिलिव्हरीपर्यंत, फार तर दोन आठवडे. इथे रिबन लावणं म्हणजे फुकटचा खर्च. हिशेब करा. चार बाय सहाच्या लेबलची लांबी 150 मिमी आणि दोन लेबलांमधली फट 3 मिमी. साधारणपणे जेवढं लेबल पुढे सरकतं तेवढीच रिबन सरकते, मग अक्षरं कमी असोत की जास्त. 300 मीटरच्या रिबनमध्ये जेमतेम 1960 स्टिकर निघतील. रोज 40 पार्सल असतील तर 49 दिवसांत रिबन संपली. शिवाय वापरलेल्या रिबनवर ग्राहकाचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर उलटा उमटलेला असतो, उजेडात धरला की वाचता येतो. ती तशीच कचऱ्यात टाकू नका. कुरियरसाठी माझं मत पक्कं आहे: डायरेक्ट थर्मल. फक्त बारकोडवर चिकटपट्टी मारू नका. तिच्या डिंकानेही अक्षर फिकटतं, आणि बारकोड स्कॅन झाला नाही तर पार्सल अडकतं.

दुकानातल्या शेल्फवरचं किमतीचं लेबलही डायरेक्ट थर्मलच चालेल. भाव बदलला की ते तसंही बदलावंच लागतं. फक्त दाराजवळच्या, थेट ऊन येणाऱ्या रॅकला ते लावू नका.

खरा प्रश्न टिकाऊ लेबलचा. म्हणजे बरणी, हत्यार, रोपाची कुंडी, मशीनवरचा नंबर. इथे रिबन लागतेच, पण कोणती? तीन प्रकार मिळतात: वॅक्स, वॅक्स-रेझिन आणि रेझिन. वॅक्स सर्वात स्वस्त आणि साध्या कागदी लेबलला चांगली, पण घासली की पसरते. तेलकट हात लागणाऱ्या बरणीला कागद आणि वॅक्स ही जोडी पुरत नाही. कागद तेल पितो आणि वॅक्स पुसली जाते. ताईंनी आता प्लॅस्टिकसारखं पीपी लेबल आणि वॅक्स-रेझिन रिबन घेतली आहे. रेझिन सर्वात चिवट. ती पॉलिस्टर लेबलवर मारतात, पण तिला उष्णता जास्त आणि वेग कमी लागतो. घाई केली तर शाई नीट बसत नाही आणि नखाने निघते.

पूर्ण रोल घेण्याआधी विक्रेत्याकडून नमुना मागा. दहा लेबलं छापा आणि बरणीवर चिकटवा. काहींवर तुमचंच तेल चोळून एक दिवस ठेवा, काही उन्हाच्या खिडकीत पंधरा दिवस ठेवा. मग ओल्या फडक्याने घासा. ताईंनी हेच आधी केलं असतं तर तो लॉट परत आला नसता.

इथे रिबनच्या खर्चाची भीती काढून टाका. 50 बाय 25 मिमीची लेबलं एका ओळीत दोन असतील तर त्याच 300 मीटरमध्ये सुमारे 21,400 लेबलं निघतात. रिबन 300 रुपयांची धरली तरी लेबलमागे दीड पैसासुद्धा पडत नाही. परत आलेल्या एका बरणीची किंमत तुम्हीच लावा.

म्हणून माझं म्हणणं: फक्त कुरियर पाठवत असाल तर बिनरिबनचा घ्या आणि निवांत राहा. पण मालावर चिकटणारं एक जरी लेबल छापणार असाल, तर रिबनवाला घ्या. कारण रिबनवाल्या बहुतेक मशीनमधून रिबन काढून डायरेक्ट थर्मल रोलही चालवता येतो. बिनरिबनच्या मशीनला मात्र नंतर रिबन लावता येत नाही. घेण्याआधी दोन्ही पद्धती चालतात ना, हे दुकानात छापून बघा.

रोल बदलला की प्रिंटरच्या सेटिंगमध्येही `Thermal Transfer` ऐवजी `Direct Thermal` निवडा, नाहीतर मशीन रिबन संपल्याचं सांगून थांबेल. उलटी चूक झाली, म्हणजे रिबनशिवाय क्रोमो लेबल घातलं, तर लेबल कोरंच बाहेर येतं. आणि नवी रिबन घालून काहीच छापलं जात नसेल, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी रिबनची बाजू बघा. कागदावर नखाने दाबून घासा. जी बाजू काळा डाग सोडते ती शाईची, आणि तीच लेबलकडे हवी.