नाव बदलले, तरी माणूस ओळखू आला

एका ग्रंथातील प्रकरणासाठी मी जमात सोडलेल्या पाच मुस्लिम स्त्री-पुरुषांच्या जीवनकहाण्या लिहीत होते. जमात लहान आहे. ती कोणती, हे इथेही सांगणार नाही. त्यातली एक रझिया. हे नाव अर्थातच तिचे नाही.

पहिल्या मसुद्यात मी नेहमीची काळजी घेतली. नाव बदलले, गाव बदलले, वडिलांचा व्यवसाय बदलला. मग छापण्याआधी तो रझियाच्या हाती दिला आणि एकच विनंती केली, "तुझ्या नात्यातले कोणी वाचले तर कुठल्या वाक्याला थांबतील, तिथे पेन्सिलने रेघ मार."

तिने सात रेघा मारल्या. त्यातली एकही नाव-गावाखाली नव्हती. एक रेघ अब्बांच्या मय्यतीच्या प्रसंगाखाली होती. तिला दारातच अडवले, तेव्हा धाकटा मामू तिच्यासोबत बाहेर उन्हात उभा राहिला होता. दुसरी रेघ तिच्या लाडक्या वाक्याखाली होती. ती म्हणाली, "आपा, हे वाक्य घरात मीच बोलते. आणि मामूची मुलगी अजून लग्नाची आहे."

तेव्हा लक्षात आले, की मी चुकीच्या वाचकापासून तिला लपवत होते. परक्या वाचकाला नाव कळले काय, न कळले काय, फारसा फरक पडत नाही. बहिष्कार घालतात ते आतले लोक, आणि ते माणसाला नावावरून नव्हे, प्रसंगावरून ओळखतात. शिवाय ओळख पटली तर शिक्षा एकट्या रझियाला होत नाही. चोरून फोन करणारी आई आणि उन्हात उभा राहिलेला मामू हेही त्यात सापडतात. कलंक त्या व्यक्तीजवळच्या माणसांनाही चिकटतो, हे अर्विंग गॉफमन यांनी १९६३ सालच्या 'स्टिग्मा' या पुस्तकात मांडले आहे.

मग दुरुस्ती कशी केली? मामूचा प्रसंग रझियाच्या कहाणीतून काढला. मय्यतीला अडवले जाणे हा अनुभव पाचांपैकी तिघांचा होता. म्हणून तो वेगळ्या भागात, कोणाच्याही नावाशी न जोडता लिहिला. शिक्षण आणि भावंडांची संख्या बदलली, कारण त्यावर कहाणीचा अर्थ अवलंबून नव्हता. पण तिला पुरुष केले नाही. तसे केले असते तर ती नक्कीच सुरक्षित झाली असती, पण कहाणी खोटी पडली असती. भावाने तोच निर्णय घेतला तेव्हा घराने तो गिळला होता. काळही फार सरकवला नाही. २०१७ साली महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा लागू झाला. त्याआधी आणि त्यानंतर बाहेर पडणाऱ्याची स्थिती सारखी नाही. तपशील बदलले आहेत हे वाचकाला प्रस्तावनेत सांगितले, कोणते ते सांगितले नाही.

दोघांची मिळून एक व्यक्ती करावी, असेही सुचवले गेले. मी नकार दिला. तशा माणसाचे दुःख दुप्पट दिसते आणि तो प्रत्यक्षात कुठेच नसतो.

आवाजाचा प्रश्न याहून अवघड निघाला. मी लिहिले होते, "रझियाने धर्म सोडला." ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. ती म्हणत होती, "मैं ने जमात छोड़ी, नमाज नहीं." माझ्या एका क्रियापदाने तिला मुर्तद ठरवले होते. जमातीने लावलेला शिक्का मी सभ्य मराठीत पुन्हा मारत होते. तिची दखनी मी प्रमाण मराठीत आणली, त्यामुळे ती ओळखू येण्याचा धोका कमी झाला, पण तिचा तिरकसपणाही गेला. शेवटी अशी दोन-तीनच वाक्ये तिच्या भाषेत ठेवली, जी त्या भागात कोणीही बोलले असते.

आपल्या सुधारणावादी वर्तुळाबद्दलही बोलले पाहिजे. आपल्याला मुक्तीची कहाणी हवी असते: अंधार, बंड, उजेड. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी एकटे जेवताना रडू येते, असे रझियाने सांगितले. एका सहकाऱ्याने तो परिच्छेद गाळायला सांगितला, कारण "त्याने विरोधकांना मुद्दा मिळेल." मुस्लिमांचा द्वेष करणाऱ्यांना याच कहाणीचा उरलेला अर्धा भाग हवा असतो. दोघेही तिला साक्षीदार म्हणून उभे करतात आणि तिचे म्हणणे मात्र मध्येच तोडतात. तो परिच्छेद ठेवायचा की नाही, हे मी तिला विचारले. तिने ठेवायला सांगितला, म्हणून तो राहिला.

मुलाखतीच्या दिवशी घेतलेली सही पुरेशी नसते. त्या दिवशी माणूस मोकळा होत असतो, छापलेले पान कसे दिसेल हे त्याला ठाऊक नसते. म्हणून संमती मसुदा वाचून झाल्यावर पुन्हा घ्यावी, आणि माघार घेण्याची शेवटची तारीख आधीच सांगावी. पाचांपैकी एकाने अशी माघार घेतली. त्याची कहाणी सर्वांत सशक्त होती. प्रकरण चार जणांचेच छापले जाईल.