तोट्यातला पापड बंद करायचा का? आधी हे गणित समजून घ्या

समजा, खर्डीत एका गाळ्यात नाचणी आणि तांदळाचे पापड तयार होतात. भाडे, वीज मीटरचा स्थिर आकार आणि यंत्राचा हप्ता मिळून महिन्याला १२ हजार रुपये जातात. हिशेबात ते दोन्ही पापडांवर निम्मे-निम्मे टाकले आहेत.

तांदळाच्या पापडाची विक्री ४० हजारांची. पीठ, मसाला, गॅस, पॅकिंग आणि नगावरची मजुरी मिळून खर्च ३६ हजार. उरले ४ हजार. त्यातून वाट्याचे ६ हजार वजा केले की २ हजारांचा तोटा दिसतो. नाचणीचा पापड मात्र ६ हजार नफा देतो. म्हणजे एकूण नफा ४ हजार.

तोटा दिसतो म्हणून तांदळाचा पापड बंद केला, तर काय होईल? भाडे आणि हप्ता थांबणार नाहीत. पूर्ण १२ हजार नाचणीवर येतील आणि एकूण नफा शून्यावर येईल. लाटणाऱ्या महिलांचे कामही जाईल.

म्हणून प्रश्न ‘तोटा किती’ हा नाही, ‘बंद केल्यावर कोणता खर्च खरोखर वाचतो’ हा आहे. विक्रीतून बदलता खर्च वजा करून जे उरते, त्याला अंशदान म्हणतात. इथे ते ४ हजार आहे.

मोकळ्या जागेतून ५ हजार मिळणार असतील, तर उत्तर बदलते. बजाज ऑटोनेही २००९ मध्ये स्कूटर बंद करण्याचे जाहीर केले, ते मोटारसायकलवर लक्ष देण्यासाठी. पर्याय हाती नसताना मात्र टाळे लावण्याची घाई नको.