परदेशी एल्डरबेरी आणि घरचा काढा

पावसाळा सुरू झाला की शहरातल्या घराघरांत शिंका ऐकू येऊ लागतात. पूर्वी अशा वेळी आले, तुळस आणि मिरे यांचा काढा उकळला जाई. आता त्याच्या शेजारी एल्डरबेरीच्या गोळ्या आणि एकिनेशियाची बाटलीही दिसते. दोहोंची ख्याती ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ अशीच. पुराव्याच्या कसोटीवर मात्र दोहोंचे चित्र वेगळे दिसते.

एल्डरबेरीची कीर्ती बरीचशी २००४ मधील नॉर्वेतील एका चाचणीवर उभी आहे. त्यात साठ रुग्णांपैकी सिरप घेणारे इतरांपेक्षा सरासरी चार दिवस आधी बरे झाले. पण ती चाचणी फ्लूच्या रुग्णांवरील होती, साध्या सर्दीच्या नव्हे; हा भेद जाहिरातीत हरवतो. २०२० मध्ये अमेरिकेत अधिक रुग्णांवर, पुन्हा फ्लूसाठीच, एल्डरबेरी तपासली गेली, तेव्हा काहीही लाभ आढळला नाही. एकिनेशियाची परीक्षा अधिक कडक होती. २००५ मध्ये व्हर्जिनियातील संशोधकांनी ३९९ स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला. अर्क घेणारे आणि न घेणारे यांत लक्षणीय फरक पडला नाही.

आता आपले घर. मधाची बाजू त्यातल्या त्यात भक्कम. २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियात खोकणाऱ्या १०५ मुलांपैकी काहींना झोपण्यापूर्वी मधाची एक मात्रा दिली गेली. काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची रात्र बरी गेली, असे पालकांनी सांगितले. (चाचणीला पैसा मध उत्पादकांच्या मंडळाचा होता, हेही नोंदवायला हवे.) एक वर्षाखालील बाळाला मात्र मध देऊ नये, त्यातील जंतूंमुळे बोटुलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. काढ्याचे श्रेय बहुधा त्याच्या उष्णतेकडे जाते. कार्डिफ येथे २००८ मध्ये तीस जणांना फळांचे पेय गरम किंवा खोलीच्या तापमानाचे दिले गेले. गरम पेयाने घसा, खोकला, थकवा यांना आराम वाटला. नाकातील हवेचा प्रवाह मोजला तेव्हा तो वाढलेला नव्हता. हळदीच्या दुधाच्या बाजूने आठवणी पुष्कळ आहेत. सर्दीवरील मोठ्या, काटेकोर चाचण्या नाहीत.

गुळवेलीचे प्रकरण याहून गंभीर. २०२० च्या अखेरीस मुंबईत ती घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदविले. ही वनस्पती गुळवेलच होती का, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. २०२२ मध्ये देशातील तेरा केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. तपासलेल्या नमुन्यांत खरी गुळवेलही सापडली. गुळवेल घेत असताना डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर ती तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि काय घेत होतो, हे त्यांना सांगावे. घरचेच म्हणून ते सांगायचे नेमके राहून जाते.