अर्धा शॉर्टकट

"लिमिट -a ते a दिसली की फंक्शन इव्हन आहे का ऑड ते बघा. ऑड असेल तर उत्तर शून्य, इव्हन असेल तर शून्य ते a काढून दुप्पट करा. दोन्हीही नसेल तर बसा सोडवत!" बारावीची पोरं हा मंत्र झोपेतही म्हणतील. माझा या मंत्राशीच वाद आहे. तो अर्धवट आहे, आणि जो अर्धा भाग गाळलाय तोच खरा कामाचा आहे.

मुळात युक्ती एवढीच, की डावीकडच्या प्रत्येक -x ची उजवीकडच्या x शी जोडी लावायची. मग -a ते a चं इंटिग्रल म्हणजे शून्य ते a पर्यंत f(x) + f(-x) चं इंटिग्रल. ऑड फंक्शनमध्ये ही बेरीज शून्य होते, इव्हनमध्ये 2f(x). म्हणजे मंत्रातल्या दोन ओळी हे या एका ओळीचे दोन खास प्रकार झाले. "दोन्हीही नसेल तर" जोडी लावायला कोणी मनाई केली आहे?

हे उदाहरण बघा. -1 ते 1 पर्यंत x²/(1+e^x) इंटिग्रेट करायचं आहे. हे इव्हन नाही, ऑडही नाही. मंत्रवाला इथे हात टेकतो, किंवा बाय पार्ट्सच्या जंगलात शिरतो. आपण फक्त x च्या जागी -x घालू: x²/(1+e^(-x)). वर-खाली e^x ने गुणलं की x²e^x/(1+e^x). आता दोन्ही मिळवा. छेद तोच, वर x²(1+e^x), म्हणून उरतं नुसतं x². त्याचं शून्य ते 1 इंटिग्रल 1/3. संपलं!

आता दुसरी बाजू. -1 ते 1 पर्यंत 1/x. "ऑड आहे, उत्तर शून्य!" असं ठोकून देणारे मास्तरही आहेत. पण शून्यापाशी हे फंक्शन अनंताकडे पळतं आणि दोन्ही बाजूंची क्षेत्रफळं अनंत आहेत. अनंतातून अनंत वजा करून शून्य येत नाही. पटत नसेल तर मधला तुकडा जरा तिरका कापा: डावीकडे -ε पर्यंत या, उजवीकडे 2ε पासून सुरू करा. बेरीज येते ln ε - ln 2ε, म्हणजे -ln 2. ε कितीही लहान करा, ती शून्याकडे जात नाही. दोन्हीकडे सारखंच कापलं तर शून्य येतं खरं, पण त्याला कोशीची प्रिन्सिपल व्हॅल्यू म्हणतात. ती वेगळी गोष्ट आहे. साधं इंटिग्रल इथे अस्तित्वातच नाही.

म्हणून "इव्हन का ऑड?" हा पहिला प्रश्न नव्हेच. आधी विचारा, इंटिग्रल आहे का? मग विचारा, f(x) + f(-x) किती? हे दोन प्रश्न शिकवायला मंत्रापेक्षा पाच मिनिटं जास्त लागतील. तेवढीही नसतील, तर निदान त्याला गणित शिकवणं म्हणू नका.