वर्षाला तीन सिलिंडर, आणि पोटातल्या बाळाचे नऊ महिने

मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतून उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीणच्या पात्र महिलांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत आज गॅसचं कनेक्शन नाही असं घर शोधावं लागतं. पण चूल विझलेली आहे असं घरही शोधावंच लागतं. चहा आणि वरण गॅसवर होतं, ज्वारीची भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. जळणाला तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, बाभळीची लाकडं. यातलं बरंचसं फुकट मिळतं, त्यामुळे घरातल्या माणसांना ती बचतच वाटते.

१९९३ च्या भूकंपाआधीच्या माळवदाच्या घरात छताला सवणं असायचं, म्हणजे उजेड यायला आणि धूर जायला ठेवलेलं भोक. पुनर्वसनात काँक्रीटच्या खोल्या मिळाल्या, त्यात चुलीचा विचार नव्हता. लोकांनी मागे-पुढे पत्र्याची शेड काढली आणि चूल तिथे गेली. शेड तीन बाजूंनी बंद असेल तर पाऊस आत येत नाही, तसा धूरही बाहेर जात नाही. त्या शेडमध्ये घरातली सून, मग ती पोटुशी असो की तान्ह्याची आई, रोज दोन-तीन तास बसते.

गॅस आला की बाळाचं वजन वाढेल का, हा प्रश्न फार मोठ्या अभ्यासात तपासला गेला आहे. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत मिळून सुमारे ३,२०० गरोदर बायका त्यात घेतल्या. आपल्याकडे हे काम तामिळनाडूच्या नागपट्टिनम आणि विल्लुपुरम जिल्ह्यांत झालं. अर्ध्या घरांना शेगडी आणि लागेल तितका गॅस फुकट घरपोच दिला. बाकीच्या घरांनी नेहमीप्रमाणे लाकडावर रांधलं. बायकांच्या अंगावर छोटं यंत्र लावून त्या प्रत्यक्ष किती धूर श्वासात घेतात हे मोजलं. धुरातले सर्वांत बारीक कण, ज्याला पीएम २.५ म्हणतात, ते चुलीच्या घरांत हवेच्या एका घनमीटरमागे ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास होते. गॅसच्या घरांत ते २४ वर आले. म्हणजे धूर खरोखर दोन तृतीयांश कमी झाला.

२०२२ मध्ये निकाल छापून आला. गॅसच्या घरांतल्या बाळांचं सरासरी वजन २,९२१ ग्रॅम, चुलीच्या घरांतल्या बाळांचं २,८९८ ग्रॅम. तेवीस ग्रॅमचा फरक, आणि तोही योगायोगाने पडू शकेल इतका लहान. न्यूमोनियातही ठळक घट दिसली नाही. ‘गॅस दिला, बाळ गुटगुटीत झालं’ असं सांगणाऱ्यांची इथे पंचाईत झाली. ‘मग चुलीनं काही होत नाही’ असं म्हणणारेही लगेच पुढे आले. या निकालातून दोन्ही गोष्टी निघत नाहीत.

पहिला मुद्दा वजनाचा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आईच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, आणि पोटातल्या बाळाच्या रक्ताला तर आणखी घट्ट. बाळाला ऑक्सिजन कमी पोचतो. बारीक कण फुप्फुसातून रक्तात उतरतात आणि वारेपर्यंत जातात. बेल्जियमच्या संशोधकांना २०१९ मध्ये वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले होते. नुकसान होतं, यात शंका नाही. पण वजन ही अनेक गोष्टींची बेरीज असते. आईचं रक्त किती, तिचं स्वतःचं वजन किती, दोन बाळंतपणांत अंतर किती, तिला शेवटच्या महिन्यांत उसाच्या फडात वाकावं लागलं का. या बाकीच्या ओझ्यात धुराचा वाटा असतो, सगळा भार त्याचा नसतो.

मुंबईतला एक अभ्यास इथे ताडून पाहण्यासारखा आहे. २००४ मध्ये छापून आलेल्या त्या पाहणीत मिसरी किंवा तंबाखू तोंडात घेणाऱ्या गरोदर बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं होतं. आपल्या घरांतून मिसरी लावणाऱ्या दादी-नानी अजून आहेत, आणि ‘दात दुखतो’ म्हणून सुनेलाही ती सवय लागते. शिवाय तंबाखू भाजायची कुठे, तर त्याच चुलीच्या तव्यावर. ज्या घरात मिसरी चालू आहे तिथे नुसता गॅस आणून बाळाचं वजन वाढण्याची वाट पाहणं फुकट आहे.

दुसरा मुद्दा वेळेचा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. या अभ्यासात बायका गरोदरपणाच्या ९ ते २० आठवड्यांच्या दरम्यान सामील झाल्या आणि त्यानंतर त्यांच्याकडे शेगडी आली. पण बाळाच्या फुप्फुसातल्या श्वासनळ्यांना जितक्या फांद्या फुटायच्या तितक्या साधारण सतराव्या आठवड्यापर्यंत फुटून झालेल्या असतात. पुढे त्या लांब-रुंद होतात, नवीन फुटत नाहीत. कित्येक घरांत गॅस पोचला तेव्हा ते काम संपत आलं होतं. आपल्याकडे तर बाई ‘दिवस गेले’ हे तीन महिने झाल्याशिवाय कुणाला सांगत नाही आणि तोवर चूल तिच्याकडेच असते.

श्वासनळ्यांच्या टोकाला हवेचे बारीक फुगे असतात. त्यांची गोष्ट वेगळी आहे. जन्माच्या वेळी ते थोडेच असतात, आणि मोठ्या माणसाच्या तीसेक कोटी फुग्यांपैकी बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात. मूल आईच्या मांडीवर चुलीपाशी बसतं तेच हे दिवस. घानामध्ये एक महिन्याच्या बाळांचा श्वास मोजला गेला, तेव्हा गरोदरपणात ज्यांच्या आयांनी जास्त कार्बन मोनॉक्साइड घेतला होता त्यांच्या फुप्फुसाची ताकद कमी निघाली. म्हणजे तराजू जे दाखवत नाही ते फुप्फुसात उतरलेलं असू शकतं. ग्वाटेमालात काही घरांना धुराडं असलेली चूल लवकर मिळाली, काहींना दीड वर्ष उशिरा. उशीर झालेल्या घरांतल्या मुलांच्या फुंकरीचा जोर पुढे सावकाश वाढला. मोठ्या मुलांचं सांगायचं तर अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बारा वस्त्यांतली मुलं दहाव्या वर्षापासून आठ वर्षं तपासली गेली. सर्वांत मळक्या हवेच्या वस्तीत अठराव्या वर्षी ७.९ टक्के मुलांची फुप्फुसं अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली, सर्वांत स्वच्छ वस्तीत १.६ टक्के. पुढे तिथली हवा सुधारली तशी नंतरच्या मुलांची फुप्फुसं चांगली वाढली, हेही त्याच संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं.

आता किल्लारीतल्या घराचा हिशोब करू. आकडे फक्त हिशोबासाठी धरलेले आहेत. चुलीपाशी तीन तास हवेत ५०० मायक्रोग्रॅम कण, उरलेले एकवीस तास ३० धरा. दिवसाची सरासरी ८९ च्या आसपास येते. भारताची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. आता तीनपैकी दोन तासांचं रांधणं गॅसवर नेलं, पण भाकरी आणि पाणी चुलीवरच ठेवलं, तर सरासरी ५० पर्यंत उतरते. चूल पूर्ण बंद केली तर ३०. म्हणजे भाकरी आणि अंघोळीच्या पाण्याचा तो एकच तास, एकट्या २० मायक्रोग्रॅमचा. त्या अभ्यासातल्या बायका २४ पर्यंत आल्या त्या तिन्ही वेळचा स्वयंपाक गॅसवर झाला म्हणून, आणि गॅस कधी संपला नाही म्हणून.

सहा माणसांच्या घरात सगळं गॅसवर केलं तर सिलिंडर महिनाभर, फार तर पस्तीस दिवस चालतो. वर्षाला दहा-बारा लागतात. देशभर उज्ज्वलाच्या घरांत वर्षाला सरासरी चार-साडेचारच भरले जातात. तीन मोफत धरले तरी सात-नऊ उरतात, आणि उज्ज्वलाची ३०० रुपयांची सूट वजा केली तरी एकेकाला साडेपाचशेच्या पुढे पडतात. मोफतचेही पैसे आधी भरावे लागतात, खात्यात नंतर येतात. शेतमजुरीवर जगणाऱ्या घराला महिनाअखेरीस हे जमत नाही, मग तुराट्या पेटतात. यात बाईचं अज्ञान नाही, हातात रोख नाही एवढंच आहे.

म्हणून सिलिंडर थोडेच असतील तर ते कधी जाळायचे, हा प्रश्न उरतो. सध्या ते सणाला आणि पाहुण्यांना जातात. रमजानमध्ये सहरीला गॅस लावतात, ते बरोबरच आहे, पण घरात बाई गरोदर असेल तर तिची पाळी चुकल्यापासूनच तिच्या वाट्याचं रांधणं गॅसवर जायला हवं, सातव्या महिन्यापासून नव्हे. आणि भाकरीसाठी चूल पेटवायचीच असेल तर ती दुसऱ्या कुणी उघड्यावर पेटवावी. सरकारनेही प्रत्येक घराला सारखे तीन देण्यापेक्षा गरोदरपणाची नोंद झालेल्या बाईला बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत दरमहा एक, आणि तोही आधी पैसे न घेता द्यावा. आशाताईंकडे ही नोंद असतेच. मातृवंदना योजनेचे हप्ते त्याच नोंदीवर निघतात.

गॅस आल्यानंतरही धूर घरात येतो ती जागा म्हणजे बाळंतिणीची खोली. चिल्ला संपेपर्यंत खिडकी बंद, बाजेखाली कोळशाची शेगडी, बाळाला अंघोळीनंतर ओवा-वावडिंग-लोबानची धुरी. शेक देण्यामागे मायाच असते. पण बंद खोलीत धुमसणारा निखारा भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो, आणि खोलीत सर्वांत लहान फुप्फुस बाळाचं असतं. आईला ऊब हवी तर गरम पाण्याची पिशवी आणि जाड गोधडी पुरते. शेगडी पेटवायचीच असेल तर ती दाराबाहेर लाल होऊ द्यावी, त्यावर कापड तापवून आत न्यावं. बाळाला धुरीची गरज नाही. हे दादीला सुनेनं सांगणं अवघड असतं, म्हणून घरातल्या पुरुषानं सांगावं.

वजनाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. ते जन्मानंतर तासाभरात, निदान चोवीस तासांत व्हायला हवं, कारण पहिल्या काही दिवसांत बाळ दहा टक्क्यांपर्यंत उतरतं. कार्डावर नुसतं ‘अडीच किलो’ लिहिलं असेल तर ग्रॅममध्ये विचारा. २,४६० आणि २,५४० दोन्ही अडीच म्हणून लिहिली जातात, पण २,५०० च्या खालच्या बाळाकडे आशाताईच्या जास्त फेऱ्या व्हायला हव्यात.

फुप्फुसाची ताकद फुंकर मारून मोजता येते ती पाच-सहा वर्षांनंतर. त्याआधी श्वास मोजायचा. बाळ शांत असताना, झोपेत असलं तर उत्तम, पूर्ण एक मिनिट पोटाची उचल मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला चाळीस किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर आपण ज्याला ‘डबा झालाय’ म्हणतो तो बहुतेक वेळा न्यूमोनिया असतो. त्याला बिब्ब्याचा डाग किंवा लोबान चालत नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, आणि डॉक्टरांना घरात चूल आहे हे न विचारता सांगायचं.