सकाळची फवारणी आणि चुलीचा धूर



मी पोलादपूर तालुक्यातला भातवाला. आमच्या महाड-पोलादपुरात कपाशी होत नाही, ज्वारीही नाही. मग या कोकण्याने कोरडवाहू कपाशीवाल्यांना फवारणीचे काय सांगावे, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. उत्तर एवढेच की आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भातावर लष्करी अळी किंवा तुडतुडे आले की दोन सरींच्या मधली उघडीप गाठूनच औषध मारावे लागते. ती चुकली की औषध खाचरातून ओढ्यात आणि ओढ्यातून सावित्रीत. त्यामुळे औषध कोणते, यापेक्षा वेळ कोणती, हा प्रश्न आम्हाला आधी पडतो. तुम्हाला तो पडू दिला गेला नाही, आणि त्याची किंमत फार मोठी झाली.

२०१७ साली पावसाळा सरता सरता यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. आठशेच्या आसपास दवाखान्यात पडली. त्या वर्षी कपाशी पुरुषभर उंच झाली होती, बोंडअळी होती, दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती, आणि फार बारीक तुषार काढणारे पंप हातात आले होते. ऊन आणि दमट हवा होती ती वेगळीच. चौकशा झाल्या, काही औषधांवर काही काळ बंदी आली. पण अधिकाऱ्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा एकच सूर होता : शेतकऱ्याने आणि मजुराने काळजी घेतली नाही.

काळजी म्हणजे काय? हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा, आणि 'सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, वारा शांत असताना फवारणी करा.' हा शेवटचा सल्ला पत्रकात असतो, भिंतीवर असतो, दुकानदाराच्या तोंडी असतो. माझे म्हणणे असे की हा सल्ला अर्धवट आहे. अर्धवट सल्ला देऊन वर आपल्यालाच दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही.

आमच्या गावातली सकाळ सांगतो. पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून रात्री आभाळ निरभ्र असते. जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते, आणि वर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. पहाटे चुली पेटतात, पण धूर वर जात नाही. तो कौलांच्या थोडा वर चढतो आणि आडवा पसरून खोऱ्यात तसाच लोंबकळत राहतो. पान हलत नसते. सल्लागाराच्या हिशेबाने ही फवारणीची उत्तम वेळ झाली. पण जे धुराचे होते तेच औषधाच्या बारीक तुषारांचे होते. ते वर विरत नाहीत आणि पटकन खालीही बसत नाहीत. फवारणाऱ्याच्या नाकातोंडाभोवती तरंगतात, आणि पुढे एखादी मंद झुळूक आली की सगळा ढग एकगठ्ठा उचलून शेजारच्या वावरात नेऊन टाकते.

डोंगरांच्या खोऱ्यात हे ठळक दिसते, पण विदर्भ-मराठवाड्याच्या सपाटीवरही निरभ्र रात्रीनंतर हेच घडते. सूर्य मावळण्याच्या थोडे आधीपासून ते सकाळी ऊन पडून तास-दीड तास होईपर्यंत हे झाकण असू शकते. माणसाच्या डोक्यापेक्षा उंच पऱ्हाटीच्या दोन ओळींत तर हवा आधीच कोंडलेली असते. यवतमाळची माणसे केवळ वेळ चुकल्याने गेली असे मी म्हणत नाही. विष जहाल होते, मिश्रणे होती, पीक उंच होते. पण वारा अजिबात नसणे म्हणजे सुरक्षित, ही समजूत आपल्या डोक्यात कोणी भरली, हे विचारलेच पाहिजे.

मग वारा किती हवा? साधारण ताशी चार ते दहा किलोमीटर, आणि एकाच दिशेने वाहणारा. यंत्र नको. तोंडावर झुळूक लागते, पाने सळसळतात, धूर वर चढत एका बाजूला कलतो, इतका वारा चांगला. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या म्हणजे वारा ताशी बारा किलोमीटरच्या पुढे गेला. तिथे पंप खाली ठेवायचा. कारण साधे आहे. केसाहून थोडा जाड, म्हणजे १०० मायक्रॉनचा थेंब एक मीटर खाली यायला चारेक सेकंद घेतो. दहा किलोमीटरच्या वाऱ्यात तेवढ्या वेळात तो दहा-अकरा मीटर बाजूला जातो. त्याच्या निम्म्या जाडीचा थेंब पस्तीस-चाळीस मीटर जातो. बांधापलीकडे शेजाऱ्याची ज्वारी असेल, आणि तो तिचे कडवळ कापून बैलांपुढे टाकणार असेल, तर तुमचे औषध कुठे पोचले ते समजून घ्या.

आता उन्हाचे. भर उन्हात औषध जास्त लागू पडते अशी काहींची समजूत आहे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर ५० मायक्रॉनच्या थेंबातले पाणी चारेक सेकंदांत उडून जाते. पानावर बसायच्या आत पाणी गेले की उरतो विषाचा कण, आणि तो वाऱ्याबरोबर फिरतो. हे मोजायला दोन साधे तापमापक पुरतात. एकाच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळा, सावलीत दोन्ही टांगा, पाचेक मिनिटे वारा घाला आणि आकडे वाचा. दोहोंतला फरक २ ते ८ अंश असला तर फवारावे. १० च्या वर गेला तर थांबावे. फरक दोनाच्या आत असेल तर हवा फार दमट आहे, तुषार लवकर आटत नाहीत आणि लांबवर तरंगतात. तेव्हा धुराकडे पाहून खात्री करावी.

राहिला पाऊस. इथे सरकारी भाषा समजून घेतली नाही तर नुकसान ठरलेले. हवामान खात्याच्या अंदाजात 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पाऊस मोजणाऱ्या ठिकाणांपैकी जास्तीत जास्त चौथाई ठिकाणी पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे चौथाईपासून निम्म्यापर्यंत. त्यापुढे 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्याहून अधिक. आणि 'हलका ते मध्यम' ऐकून निर्धास्त होऊ नका. खात्याच्या मापात मध्यम पाऊस १५.६ पासून ६४.४ मिलिमीटरपर्यंत असतो. आमच्याकडे त्याला कोणी पाऊस म्हणणार नाही, पण पानावरचे औषध धुऊन न्यायला त्यातला खालचा आकडाही पुरतो. औषध वाळले म्हणजे मुरले, असे नव्हे. पानात शिरणारी आंतरप्रवाही औषधे काही तासांत आत जातात. नुसती पानावर बसणारी स्पर्शविषे वाळल्यानंतरही मोठ्या सरीने निघून जातात. डब्यावर तास लिहिलेले असतील तर ते पाळा, नसतील तर सहा तासांची उघडीप धरून चला.

एक दिवस धरून हिशेब करू. सप्टेंबरचा महिना आहे. अंदाज सांगतो : काही ठिकाणी दुपारनंतर गडगडाटासह हलका ते मध्यम पाऊस. सकाळी सहाला धूर आडवा, पानांवर दहिवर. थांबलो. सव्वाआठला धूर वर चढून पूर्वेकडे कलतो आहे, पाने सळसळतात, तापमापक २७ आणि २४. सुरुवात केली. वारा पश्चिमेकडून, म्हणून पूर्वेच्या कडेपासून आरंभ करून वाऱ्याला आडवे चालत पश्चिमेकडे सरकत गेलो. त्यामुळे फवारलेला भाग नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहिला, आणि ओल्या ओळीत पुन्हा शिरावे लागले नाही. साडेदहाला तापमापक ३२ आणि २५, फरक सात. पण डहाळ्या हलू लागल्या. बंद. सरी चारनंतर येतात असा इथला अनुभव, म्हणजे साडेपाच तास मिळतात. पानात शिरणाऱ्या औषधाला पुरेत, स्पर्शविषाला अपुरे. स्पर्शविष मारायचे असते तर त्या दिवशी पंप काढलाच नसता. आणि एवढे करून सर आलीच, तर दुसऱ्या दिवशी आंधळेपणाने पुन्हा मारू नका. दोन-तीन दिवसांनी वीसेक झाडे नीट पाहा, कीड मोजा, मग ठरवा.

या सव्वादोन तासांत पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपाने एका माणसाच्या सहा टाक्या होतात. एकराला २०० लिटर पाणी धरले तर अर्धा एकरसुद्धा होत नाही. इथे आपले खरे दुखणे आहे. मजूर दिवसाच्या रोजावर, पंप दिवसाच्या भाड्यावर, मग दुपारी बाराला आणि अंधार पडेपर्यंत फवारणी चालूच. पैसे वसूल झाले असे वाटते, पण दुपारचे औषध हवेत गेले आणि अंधाराचे मजुराच्या छातीत. भावांनो, सरकारला शिव्या घालताना हा हिशेब आपल्या घरचा आहे हे विसरून चालणार नाही. सकाळच्या दोन-अडीच तासांच्या फवारणीला पूर्ण रोज दिला तरी तो वाया गेलेल्या औषधापेक्षा स्वस्त पडतो. आणि धूर आडवा आहे, थांबतो, असे मजूर म्हणाला तर त्याचे ऐकायचे. विष त्याच्या पाठीवर आहे.

आता सरकारचा हिशेब. कृषी हवामानाची पत्रिका आठवड्यातून दोनदा निघते. तिच्यात दिवसाचा एक वारा, एक कमाल तापमान, एक पाऊस. आपल्याला हवे आहेत तास. सकाळी आठला वारा किती, दुपारी बाराला किती, सरी कोणत्या वेळी. शिवाय तो वारा मोकळ्या जागी, उंचावरचा. पऱ्हाटीच्या ओळीतला नव्हे. फवारणीची शिफारस करणाऱ्याने फवारणीचे तास सांगितले पाहिजेत, आणि औषध विकणाऱ्याने पावसाआधी किती तास लागतात ते डब्यावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापले पाहिजे. जिल्हा बैठकीत या दोन मागण्यांचा ठराव व्हावा. तिसरा ठराव आपल्या स्वतःसाठी : यापुढे फवारणीची मजुरी दिवसावर नाही, टाकीवरही नाही, सकाळच्या वेळेवर.

टाकीवर का नाही? टाकीवर दिली की माणूस घाई करतो, आणि घाईत धुराकडे कोणी पाहत नाही.